एका वहीतले तीन कप

‘लोणी १ कप, साखर २ कप, मैदा ३ कप, अंडी ४.’ भिवंडीजवळच्या कोन गावातल्या आमच्या घरात काकीची पाककृतींची जी वही उरली आहे, तिच्या मधल्या एका पानावर ही ओळ आहे. वही शाळेची, दुरेघी, पुठ्ठा सुटलेला. काही पानं शाईनं लिहिलेली, काही पेन्सिलीनं, आणि चार-पाच ठिकाणी वर्तमानपत्राची कात्रणं खळीनं चिकटवलेली. तारीख कुठेच नाही. काकी आता नाही, आणि ज्या कपानं ती मोजत असे तो कपही नाही. हा केक पुन्हा करायचा तर पहिला प्रश्न हाच येतो की कप म्हणजे किती?

हा प्रश्न या एका वहीपुरता नाही. जुन्या पाककृतीत ‘कप’ असं लिहिलेलं असतं तेव्हा त्यामागे निदान चार वेगवेगळी मापं असू शकतात. अमेरिकी कप २३६.६ मिलीचा. मेट्रिक कप २५० मिलीचा. इंग्रजी कप म्हणजे अर्धा इंपीरियल पिंट, २८४ मिली. आणि चहाचा कप इंग्रजी पुस्तकांत पाव पिंट, म्हणजे १४२ मिली धरलेला असतो. आपल्याकडच्या कपबशीतला कपही साधारण तेवढाच असतो. सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा यांत बरोबर दुपटीचा फरक आहे. त्यामुळे ‘अंदाजानं घाला’ म्हणून हा प्रश्न सुटत नाही.

अमेरिकी आणि इंग्रजी कप वेगळे का, याचं उत्तर कायद्याच्या कागदांत आहे. इंग्लंडमध्ये राणी ॲनच्या काळात, १७०७ साली, दारू मोजायचा गॅलन २३१ घन इंचांचा ठरला. अटलांटिकपलीकडच्या वसाहतींत तोच चालत होता आणि स्वातंत्र्यानंतरही अमेरिकेनं तो सोडला नाही; १८३६ साली तिथल्या सरकारनं त्यालाच प्रमाण मानलं. मधल्या काळात इंग्लंडनं मात्र जुने गॅलन मोडीत काढले. १८२४ च्या कायद्यानं नवा इंपीरियल गॅलन आला. ठरावीक तापमानाच्या दहा रत्तल पाण्याला जेवढी जागा लागते तेवढा, म्हणजे सुमारे २७७ घन इंचांचा. दोन्हीकडे गॅलनचे आठ पिंट आणि पिंटाचे दोन कप. नावं तीच, भागाकारही तोच, पण मूळ गॅलनच वेगळा असल्यामुळे कप वेगळा झाला. हिंदुस्थानात इंग्रजी अंमल होता, म्हणून इथल्या दवाखान्यात, मिशनच्या शाळेत, रेल्वेच्या कँटीनमध्ये पिंट म्हटला की तो इंपीरियल पिंटच.

मेट्रिक कपाची गोष्ट साधी आहे. लिटरचा चौथा भाग म्हणजे २५० मिली. ऑस्ट्रेलियासारख्या देशांनी १९७० च्या दशकात दशमान पद्धत घेतली तेव्हा स्वयंपाकघरात हा कप रुळला. तारीख लक्षात ठेवायला हवी, कारण पुढे काकीच्या पानाचा निकाल लावताना ती कामाला येते.

तर काकीच्या वहीत यांपैकी कोणता? आधी वहीचा काळ ठरवू. केकच्या पानाच्या उलट बाजूला बाजाराचा हिशोब आहे. त्यात मैदा आणि साखर रत्तलात आहे आणि किंमत ‘न. पै.’मध्ये. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला सुरू झाली आणि ‘नये पैसे’ मधला ‘नये’ १ जून १९६४ पासून गळला. म्हणजे हिशोब या सात वर्षांतला. रत्तल अजून चालू आहे, ही दुसरी खूण. वजनमापांचा १९५६ चा कायदा १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं लागू झाला आणि एप्रिल १९६२ नंतर जुनी वजनं व्यवहारात बेकायदा ठरली. लोकांच्या तोंडी रत्तल आणि पावशेर त्यानंतरही बरीच वर्षं राहिले, म्हणून या दुसऱ्या खुणेवर मी फार भार टाकत नाही. पण दोन्ही मिळून १९५७ ते १९६४, आणि त्यातही दोन्ही टोकं सोडून १९६० च्या आसपासची वर्षं, एवढं म्हणता येतं. पाठपोट लिहिलेलं एकाच शाईतलं पान आहे, म्हणून केकही त्याच काळातला.

आता माप. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. पाककृतीत सगळंच कपानं मोजलेलं असेल तर कप कुठलाही चालतो आणि तो कोणता होता हे कधीच कळत नाही. एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी, यात वाटी आमटीची असो की श्रीखंडाची, भात तसाच होतो. कप बोलतो तो दुसऱ्या मापाशेजारी आल्यावर. शेजारी अंडी आली, रत्तल आला, औंस आला, चमचा आला किंवा ‘इतके नग होतात’ असं लिहिलेलं आलं, की तिथे दोन मापांचा सांधा तयार होतो. पदार्थ बिघडतो तोही त्या सांध्यावर, आणि मूळ माप सापडतं तेही तिथेच. म्हणून जुनी पाककृती वाचताना मी आधी सांधे शोधतो.

केकच्या पानावर असे तीन सांधे आहेत. ‘लोणी १ कप’ याच्या पुढे काकीनं बारीक अक्षरात ‘अर्धा रत्तल’ असं लिहिलं आहे. हा सगळ्यात मजबूत. अर्धा रत्तल म्हणजे २२७ ग्रॅम. घट्ट दाबून भरलेलं लोणी अमेरिकी कपात २२७ ग्रॅमच्या आसपास मावतं. अमेरिकेतल्या जुन्या तक्त्यांत दोन कप लोणी म्हणजे एक रत्तल हे समीकरण ठरलेलं आहे. २८४ मिलीच्या इंग्रजी कपात तेच लोणी २७२ ग्रॅम भरेल, म्हणजे अर्ध्या रत्तलाहून दीड औंसानं जास्त. चहाच्या कपात १३६ ग्रॅम, म्हणजे पाव रत्तलाहून जरा वर. काकी रत्तलाच्या तागडीवर लोणी विकत घेत असे. दीड औंसाची चूक तिच्या नजरेतून सुटली नसती, आणि त्याहून मोठी तर नाहीच. त्यामुळे इंग्रजी कप आणि चहाचा कप दोन्ही बाद होतात.

उरतात अमेरिकी आणि मेट्रिक. मेट्रिक कपात लोणी २४० ग्रॅम भरतं. २२७ आणि २४० यांत फरक तेरा ग्रॅमचा, आणि लोणी दाबून भरलं की सैल, यावरच तेवढा फरक पडतो. म्हणजे लोण्याचा सांधा या दोघांत निवाडा करू शकत नाही. निवाडा काळ करतो. १९६० च्या सुमारास २५० मिलीचा स्वयंपाकाचा कप इथे कुणी छापत नव्हतं, ऑस्ट्रेलियाही अजून इंग्रजी मापांवरच होतं. पाककृती अमेरिकी कपाची आहे.

दुसरा सांधा याला दुजोरा देतो. बेकिंग पावडर ‘चहाचे चमचे ३, सपाट’. तीन कप मैद्याला तीन चमचे, म्हणजे कपाला एक. चाळून हलक्या हातानं भरलेल्या अमेरिकी कपात ११५ ते १२० ग्रॅम मैदा असतो आणि तेवढ्याला एक चहाचा चमचा पावडर हे नेहमीचं प्रमाण आहे. चहाच्या कपानं मोजलं तर मैदा तिन्ही मिळून जेमतेम २१० ग्रॅम होतो आणि त्याला तीन चमचे पावडर फार झाली. केक भरभर फुगतो, मधे बसतो, आत मोठी भोकं पडतात आणि जिभेवर साबणासारखी चव राहते. इंग्रजी कपानं मोजलं तर मैदा ४२०–४३० ग्रॅम होतो, त्याला तीच पावडर आणि तीच चार अंडी अपुरी पडतात. केक जड होतो आणि वरून तडकतो. बिघाड कोणत्या बाजूचा आहे हे पाहूनही कप मोठा धरला की लहान हे ओळखता येतं, आणि ज्यांच्याकडे रत्तलाची टीप नाही त्यांना हा एकच मार्ग उरतो.

‘सपाट’ हा शब्द मला विशेष वाटतो. आमचं गाव भाताचं. धान्य मोजण्याच्या आमच्या रीतीत दोन निळवी म्हणजे कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली. या मापांना शीग असते. माप काठाशी भरून थांबत नाहीत; वर दाणा उतरेल इतका ढीग चढवून मगच ते पुरं मानतात. शिगेचं माप आणि सपाट माप यांत किती फरक पडतो हे मापाच्या तोंडावर अवलंबून आहे. पसरट तोंडाच्या मापाची शीग मोठी, उभट मापाची लहान. कोनमध्ये वाढलेल्या बाईनं चमचा भरला तर तो शिगेचाच भरणार. काकीच्या वहीत बाकी कुठल्याही पानावर ‘सपाट’ नाही, फक्त या केकच्या पानावर आहे. तो शब्द तिच्या सवयीतून आलेला नाही. ती जिथून पाककृती उतरवत होती तिथून आला आहे. बॉस्टनच्या स्वयंपाक-शाळेच्या फॅनी फार्मर यांनी १८९६ साली आपलं पुस्तक छापलं. कप आणि चमचे काठाशी सुरीनं सपाट करून मोजायचे, हा त्यांचा आग्रह होता. तो पुढे अमेरिकी पाकपुस्तकांचा नियमच झाला. इंग्रजी घरांत तराजू होता, म्हणून तिथे सामान मुख्यतः रत्तल-औंसांत लिहिलं जाई आणि कप ढोबळ कामाला असे. कपावरच सगळी मदार ठेवून तो सपाट करायला सांगणं ही अमेरिकी खूण आहे.

तिसरा सांधा अंड्यांचा. चार अंड्यांखाली पेन्सिलीनं लिहिलं आहे, ‘गावठी असतील तर ५’. मोठं अंडं सोलून सुमारे पन्नास ग्रॅम भरतं, आमच्या परसातल्या कोंबडीचं चाळीसच्या आसपास. चार मोठी काय किंवा पाच गावठी काय, दोनशे ग्रॅमच होतात. ही टीप अनुभवातून आली आहे. केक एकदा तरी करून झाल्यावर ती लिहिली गेली. म्हणजे कपाचं माप तिला बरोबर सापडलं होतं आणि कमी पडत होती ती फक्त अंडी. माझ्या दृष्टीनं हा पुरावा लोण्याच्या टिपेइतकाच मोलाचा आहे.

शिवाय ही पाककृती अनोळखी नाही. एक कप लोणी, दोन कप साखर, तीन कप मैदा, चार अंडी, असा आकड्यांच्या ओळीनं लक्षात राहणारा केक अमेरिकेत एकोणिसाव्या शतकापासून घरोघर होत आला आहे. शेजारच्या पानावर चिकटवलेल्या इंग्रजी कात्रणाचा अर्धाच तुकडा उरला आहे, पण त्यात मैद्यासाठी ‘ऑल-पर्पज फ्लावर’ असे शब्द आहेत. इंग्लंडमधल्या लेखिकेनं ‘प्लेन फ्लावर’ म्हटलं असतं. कात्रणात भट्टीचं तापमान ३५० अंश फॅरनहाइट आहे, पण त्याचा उपयोग होत नाही, कारण त्या काळी इंग्लंडही फॅरनहाइटमध्येच मोजत होतं. पुरावा आहे असं वाटतं आणि नसतो, अशा जागा या कामात बऱ्याच येतात.

त्यातली सगळ्यात फसवी जागा वहीच्या पुढच्या भागात आहे. कस्टर्डच्या पानावर ‘दूध १ पिंट म्हणजे २ कप’ असं लिहिलं आहे. वाचणाऱ्याला वाटेल, चला, कप सापडला. पण पिंटाचे दोन कप हे अमेरिकेतही खरं आणि इंग्लंडमध्येही. या वाक्यानं काहीच सिद्ध होत नाही. सिद्ध होतं ते खालच्या ओळीवरून, ‘दूध २० औंस, पावडर २ मोठे चमचे’. इंग्रजी पिंट वीस औंसांचा असतो, अमेरिकी सोळाचा. वीस औंसांचे दोन कप म्हणजे कपाला दहा औंस, २८४ मिली. इथे कप इंपीरियल आहे यात शंका उरत नाही. एक बारकावा मात्र ध्यानात घ्यावा. औंस म्हणून जो पातळ पदार्थाचा औंस आहे तोही दोन्हीकडे सारखा नाही. इंग्रजी औंस २८.४ मिली, अमेरिकी २९.६. म्हणजे अमेरिकी औंस किंचित मोठा, आणि तरी कप लहान, कारण त्यात औंस आठच. कपाची तुलना औंसांत करताना माणसं इथे गोंधळतात.

एक पिंट दुधाला दोन मोठे चमचे पावडर हे इंग्रजी डब्यांवरचं जुनं प्रमाण आहे. काका कल्याणला रेल्वेत होते. खाडी ओलांडली की कल्याण, आणि तिथल्या रेल्वे वसाहतीत अँग्लो-इंडियन कुटुंबं बरीच होती. कस्टर्ड, पुडिंग, जेली ही त्यांच्या घरांतली रोजची नावं. ही पाककृती डब्यावरून उतरवली असो की शेजारणीकडून आली असो, ती इंग्रजी मापाची आहे. आजच्या २४० मिलीच्या कपानं दोन कप दूध घेऊन तेवढीच पावडर घातली, तर दूध ५६८ ऐवजी ४८० मिली होतं आणि कस्टर्ड हवं त्याहून घट्ट होतं.

म्हणजे एकाच वहीत, एकाच हातानं लिहिलेल्या दोन पानांवर, दोन वेगळे कप निघाले. जुन्या पुस्तकाबद्दल ‘यात कप कोणता धरलाय?’ असा प्रश्न सर्रास विचारला जातो, तो मला म्हणूनच अपुरा वाटतो. एका लेखिकेनं स्वतः करून पाहून, स्वतःच्या मापानं लिहिलेलं पुस्तक असेल तर त्याला एक कप असतो. जमवलेल्या पाककृतींच्या वहीला, महिला मंडळाच्या पुस्तिकेला, मासिकाच्या दिवाळी अंकातल्या सदराला तो नसतो. तिथे प्रत्येक पाककृतीचा कप वेगळा शोधावा लागतो.

छापील मराठी पुस्तकांकडे पाहिलं तर हा प्रश्न तसा उशिराचा आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ १८७५ चं, लक्ष्मीबाई धुरंधर यांचं ‘गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया’ १९१० चं. तो काळ शेर, पावशेर, तोळे आणि मासे यांचा. तिथे अडचण कपाची नसते, शेर कोणता याची असते, कारण पक्का शेर ऐंशी तोळ्यांचा आणि मुंबईचा जुना शेर त्याच्या जेमतेम एक तृतीयांश. १९७० साली कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ आलं आणि वाटी-चमच्याचं प्रमाण घरोघर पोचलं. वाटीत मोजलेल्या पाककृती प्रमाणावर उभ्या असतात, म्हणून वाटी शंभर मिलीची असो की दोनशेची, बहुतेक पदार्थ निभावतात. ज्या पानांवर वाटीशेजारी अंडी, इनो, जिलेटीन किंवा डब्याचं दूध येतं तिथेच थांबून विचार करावा लागतो. ‘कप’ हा शब्द मराठी पुस्तकांत रुळला तो त्यानंतर, आणि परदेशी गेलेल्या मराठी बायकांच्या लिहिण्यातून तर नक्कीच. अमेरिकेत राहून लिहिलेल्या मराठी पुस्तकातला कप अमेरिकीच धरावा. सिडनी-मेलबर्नहून आलेल्या पाककृतीत २५० मिली धरावेत आणि तिथला मोठा चमचाही वीस मिलीचा असतो हे विसरू नये. बाकी बहुतेक ठिकाणी तो पंधराचा. १९६० पूर्वीच्या, इंग्रजीवरून उतरवलेल्या पुस्तकात ‘न्याहारीचा कप’ असेल तर अर्धा इंपीरियल पिंट, आणि नुसता ‘कप’ असेल तर सांधा सापडेपर्यंत काहीही ठरवू नये.

अमेरिकी की मेट्रिक, यावर मात्र फार झिजू नये असं माझं मत आहे. दोघांत फरक पावणेसहा टक्क्यांचा. तोच मैदा चाळून चमच्यानं कपात सोडला तर ११५ ग्रॅम भरतो, कप थेट डब्यात बुडवून काढला तर १४० च्या पुढे जातो. हातातला हा फरक कपांमधल्या फरकाच्या तिप्पट-चौपट आहे. साखरेचंही तसंच. फार्मर यांच्या तक्त्यात दोन कप साखर म्हणजे एक रत्तल, कपाला २२७ ग्रॅम. आजचे अमेरिकी तक्ते कपाला २०० ग्रॅम धरतात. कप तोच, दाणा आणि भरण्याची रीत वेगळी. इतक्या सैल जागेत २३७ की २५० हा वाद घालण्यात अर्थ नाही. इंग्रजी की अमेरिकी, आणि मोजायचा कप की चहाचा, हे दोन प्रश्न मात्र सोडवल्याशिवाय पुढे जाऊ नये. पहिल्यात वीस टक्के जातात, दुसऱ्यात जवळजवळ निम्मं.

आज कोनच्या आजूबाजूला भात कमी आणि गोदामं जास्त. भिवंडीच्या या पट्ट्यातून देशभर माल जातो, त्यात मोजायच्या कपांचे संचही असतात. काहींवर २४० मिली कोरलेलं असतं, काहींवर २५०. २४० हा आकडा अमेरिकेतल्या खाद्यपदार्थांच्या वेष्टनांवरून आला. तिथे पोषणाच्या माहितीपुरता कप २४० मिली धरायचा असा नियम आहे. संचावर काही लिहिलेलं नसेल तर तराजूवर रिकामा कप ठेवून, काटा शून्यावर आणून, काठोकाठ पाणी भरावं. जितके ग्रॅम तितके मिली. कपाच्या आत खाली रेघ आहे की माप काठाशी पूर्ण होतं, हे आधी पाहावं. दोन्ही प्रकार बाजारात मिळतात.

वहीतलं तिसरं पान नानकटाईचं. ‘मैदा २ कप, पिठीसाखर १ कप, तूप १ कप, दीड डझन होतात.’ सगळंच कपात आहे, म्हणजे वर सांगितल्याप्रमाणे कप मुका. पण शेवटी नगांचा आकडा आहे, तेव्हा तेवढा एक सांधा मिळतो. अमेरिकी कपानं हे सामान साधारण पावणेसहाशे ग्रॅम होतं. अठरा नग केले तर एकेक नानकटाई बत्तीस ग्रॅमची. इंग्रजी कपानं ती अडतीस ग्रॅमची होईल. चहाच्या कपानं सगळं मिळून साडेतीनशेच्या आत राहतं आणि एकेक नग एकोणीस ग्रॅमचा. हातावर गोळा वळून, अंगठ्यानं दाबून केलेली घरगुती नानकटाई वीस ग्रॅमच्या आसपासच असते. बत्तीस-अडतीसची म्हणजे बेकरीतली मोठी. एवढ्यावरून निकाल द्यायला मी कचरलो असतो, कारण गोळ्याचा आकार ही ज्याच्या-त्याच्या हाताची गोष्ट आहे. पण पानाच्या वरच्या कोपऱ्यात काकीनं लिहिलं आहे, ‘बिनकानाच्या कपाने’. कपबशीतल्या कपाचा कान तुटला की तो फेकत नसत, पिठाच्या डब्यात मापाला जायचा. मोजायच्या संचातल्या कपाला कान तुटल्यावर कुणी असं नाव देत नाही. हा चहाचा कप आहे, १४० मिलीच्या आगेमागे.

तिन्ही पानं आता ग्रॅम-मिलीत उतरवून वहीतच, वेगळ्या कागदावर ठेवली आहेत, म्हणजे मूळ अक्षराला धक्का लागत नाही. केक: लोणी २२७ ग्रॅम, साखर ४०० ग्रॅम, चाळलेला मैदा ३५० ग्रॅम, अंड्यांचा गर २०० ग्रॅम, बेकिंग पावडर सपाट तीन चहाचे चमचे. कस्टर्ड: दूध ५६८ मिली, पावडर दोन मोठे चमचे. नानकटाई: मैदा १४५, पिठीसाखर ७०, तूप १३० ग्रॅम. प्रत्येक आकड्याशेजारी तो कोणत्या सांध्यावरून काढला हेही लिहिलं आहे. केक आणि कस्टर्डपुढे ‘पक्कं’ असा शेरा आहे. नानकटाईपुढे ‘बहुधा’.